चुकलेले उत्तर, दोनदा तपासलेले

बारावीच्या घरात सराव परीक्षेचा निकाल आला की एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘येत होते, पण सिली मिस्टेक झाली.’ हे वाक्य पाल्याला सोयीचे असते आणि पालकांनाही. ‘मला हे येत नाही’ या कबुलीपेक्षा ‘लक्ष नव्हते’ ही कबुली हलकी वाटते. अज्ञान आणि प्रमाद हे दोन वेगळे दोष आहेत, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगावे लागत नाही. तरी उत्तरपत्रिकेसमोर बसल्यावर आपण दोघांना एकाच पिशवीत भरतो आणि पिशवीवर ‘निष्काळजीपणा’ अशी चिठ्ठी लावतो. मग परीक्षेला उरलेले तीन आठवडे नेमके कशावर खर्च करायचे, हा निर्णय त्या चिठ्ठीवर अवलंबून राहतो.

अँटॉप हिलच्या केंद्र सरकारी वसाहतीत राहणाऱ्या एका विद्यार्थ्याची गणिताची सराव उत्तरपत्रिका या दृष्टीने पाहण्यासारखी होती. मुलगा एमएचटी-सीईटीची तयारी करीत होता आणि त्याचे लक्ष माटुंग्याच्या व्हीजेटीआयवर होते. ती संस्था त्याच्या घरापासून पायी जाता येईल इतकी जवळ आणि प्रवेशाच्या गुणांनी मात्र बरीच दूर. सीईटीच्या गणिताच्या भागात 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण आणि 90 मिनिटे असतात. चुकीच्या उत्तराला गुणवजावट नाही. मुलाला 62 गुण मिळाले होते. म्हणजे 31 उत्तरे बरोबर, 16 चूक आणि 3 प्रश्न सोडलेले. सोळा चुकांपैकी अकरांसमोर त्याने स्वतःच ‘सिली’ असे लिहिले होते. वडिलांनी लगेच हिशेब केला: अकरा दुणे बावीस, बासष्ट अधिक बावीस चौऱ्याऐंशी. ‘जरा लक्ष दिलेस तर चौऱ्याऐंशी कुठे गेले नाहीत,’ असे ते म्हणाले.

हा हिशेब खरा की खोटा, हे ठरविण्याची एक साधी रीत आहे. एक दिवस मध्ये जाऊ द्यावा. उत्तरसूची आणि क्लासने दिलेली उकल दोन्ही बाजूला ठेवावी. उकल आधी वाचली असेल तर ही तपासणी निकामी होते, कारण मग मुलगा गणित सोडवीत नाही, आठवतो. चुकलेले प्रश्न कोऱ्या कागदावर, पर्याय झाकून, पुन्हा सोडवायचे आणि प्रत्येकाला लागलेला वेळ शेजारी लिहायचा. परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी 108 सेकंद मिळतात, ही मोजपट्टी डोळ्यासमोर असावी.

सोळा प्रश्नांपैकी सहा सहज आणि वेळेत बरोबर आले. दोन बरोबर आले, पण प्रत्येकाला चार-साडेचार मिनिटे लागली. उरलेले आठ पुन्हा चुकले, आणि त्यांतले चार ‘सिली’ म्हणून सोडून दिलेल्या अकरांमधलेच होते. सावकाश सोडवूनही दोन्ही खेपेला तेच चूक उत्तर यावे, याला घाई म्हणता येत नाही.

त्या चारांपैकी एक प्रश्न पाहू. ∫ √((1 + cos 2x)/2) dx, x = 0 पासून π पर्यंत. मुलाने वर्गमुळाच्या आतली राशी cos²x अशी बरोबर ओळखली, वर्गमूळ काढून cos x लिहिले, संकलन केले आणि उत्तर शून्य आणले. खरे उत्तर 2 आहे. ‘मॉड्युलस लिहायचे राहिले, बाकी सगळे बरोबर आहे,’ हे त्याचे म्हणणे. राहिले की माहीतच नव्हते? हे पाहण्यासाठी त्याला त्याच प्रश्नाचे जुळे भावंड दिले, आकडे सोपे आणि त्रिकोणमिती काढून टाकलेली: ∫ √(x²) dx, x = −1 पासून 2 पर्यंत. त्याने न अडखळता x चे संकलन केले आणि 3/2 लिहिले. बरोबर उत्तर 5/2. म्हणजे काही राहून गेले नव्हते. x² चे वर्गमूळ x, अशी त्याची पक्की समजूत होती. उणे तीनचा वर्ग नऊ आणि नऊचे वर्गमूळ तीन, उणे तीन नव्हे, हे त्याला अंकांत विचारले की येत होते. अक्षरांत मात्र ते त्याच्या हाताला कधी कळलेच नव्हते.

यात एक मौज आहे. मूळ प्रश्नातली राशी वर्गमूळ असल्याने कुठेही ऋण होऊ शकत नाही आणि बहुतेक ठिकाणी धनच आहे. तिचे संकलन शून्य येणे अशक्य. ज्याला हे दिसते त्याला शून्य लिहिताच खटकते. खटकले की नाही, हीसुद्धा एक परीक्षाच आहे: हात घसरलेल्या मुलाला आपले चुकीचे उत्तर दाखवले की तो बहुधा स्वतःच ‘अरे!’ म्हणतो; समजूत चुकलेला मुलगा त्या उत्तराकडे शांतपणे पाहत राहतो.

त्या मुलाच्या आठ पक्क्या चुकांत आणखी दोन याच मुळाच्या निघाल्या. एकीत √(1 − sin 2x) चे संकलन होते. दुसरीत x² < 9 यावरून त्याने नुसते x < 3 लिहिले होते, उणे तीनची सीमा विसरून. क्लासच्या तक्त्यात या तीन चुका ‘इंटिग्रेशन’ आणि ‘असमानता’ अशा दोन निरनिराळ्या प्रकरणांखाली नोंदल्या गेल्या असत्या, आणि मुलगा इंटिग्रेशनची आणखी शंभर गणिते सोडवीत बसला असता. रोग मात्र शाळेतल्या वर्गमुळात होता. प्रकरणाच्या नावाने चुका मोजण्याची पद्धत मला म्हणूनच फारशी पटत नाही. चूक कोणत्या ओळीवर जन्मली, ती ओळ लिहून काढावी. अर्ध्या तासात ही गाठ सुटली.

आता खऱ्या घसरणीचे उदाहरण. x² + y² − 6x + 8y = 0 या वर्तुळाचा व्यास विचारला होता. केंद्र (3, −4), त्रिज्या 5, हे मुलाने बिनचूक काढले आणि 5 हाच पर्याय निवडला. 10 हे उत्तर त्याच्या खालीच होते. प्रश्न काढणारे असा वाटेतला मुक्काम पर्यायांत मुद्दाम ठेवतात. दुसऱ्या खेपेला त्याने चाळीस सेकंदांत 10 लिहिले. सहा घसरणींपैकी चार अशाच होत्या: गणित पूर्ण, पण विचारले एक आणि दिले दुसरे. अशा मुलाला ‘लक्ष देत जा’ म्हणून काही साधत नाही. त्याला एकच कृती सांगितली: पडद्यावरचा प्रश्न वाचताच रफ कागदावर आधी ‘व्यास = ?’ असे लिहायचे, मगच आकडेमोड. दोन-तीन सेकंदांचे काम.

वेळ लागलेले ते दोन प्रश्न या दोन्ही खणांत बसत नाहीत. तिथे ज्ञान आहे, पण हात बसलेला नाही. त्यांना तशाच धाटणीच्या दहा-पंधरा गणितांचा घड्याळ लावून केलेला सराव हवा, प्रकरणाचे पुनर्वाचन नको.

हे झाले चुकलेल्या उत्तरांचे. पण बरोबर आलेली उत्तरेही निर्दोष असतात असे नाही. या मुलाला परीक्षेच्या वेळीच, उत्तरसूची पाहण्यापूर्वी, जिथे खात्री नाही तिथे रफ कागदावर प्रश्नक्रमांकापुढे प्रश्नचिन्ह करायला सांगितले होते. बरोबर आलेल्या 31 पैकी आठांपुढे प्रश्नचिन्ह होते, आणि त्यांतले पाच त्याला कोऱ्या कागदावर सोडवता आले नाहीत. पर्यायांतून अंदाज लागला होता, इतकेच. मग वडिलांचा हिशेब पुन्हा मांडला. खऱ्या घसरणी सहा, म्हणजे 12 गुण मिळवता येण्याजोगे. 62 चे 74 होतात. नशिबाने आलेले पाच, म्हणजे 10 गुण पुढच्या वेळी जाऊ शकणारे. 74 चे 64. चौऱ्याऐंशीची आशा आणि चौसष्टची वस्तुस्थिती यांत वीस गुणांचे अंतर पडले. वडील काही वेळ बोलले नाहीत.

या कामाला घरातल्या मोठ्यांनी गणित जाणलेच पाहिजे असे नाही. ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ ॲन न्यूमन यांनी 1977 साली शाब्दिक गणितांतल्या चुकांसाठी पाच प्रश्नांची एक मुलाखत प्रसिद्ध केली. मुलासमोर बसून क्रमाने विचारायचे: प्रश्न मोठ्याने वाच. काय विचारले आहे ते तुझ्या शब्दांत सांग. कोणत्या रीतीने सोडवणार ते सांग. आता बोलत बोलत करून दाखव. शेवटी उत्तर लिही. ज्या पायरीवर मूल प्रथम अडते, तिथे चुकीचा उगम. आणि पाचही पायऱ्या विनासायास पार पडून उत्तर बरोबर आले, तरच मूळ चुकीला निष्काळजीपणा म्हणायचे. पहिल्या दोन पायऱ्या ऐकायला कोणतीही आई किंवा आजोबा पुरेत. या मुलाच्या आईने विज्ञान दहावीनंतर सोडले होते, पण ‘हे चिन्ह तू आत्ता वाचलेच नाहीस’ हे तिनेच पकडले.

या रीतीला मर्यादाही आहेत. नीटच्या जीवशास्त्रात सोडवण्यासारखे थोडे आणि आठवण्यासारखे पुष्कळ असते. तिथे पुन्हा सोडवणे म्हणजे बहुधा उत्तर आठवणेच ठरते. अशा विषयात पर्याय झाकून उत्तर तोंडी देता येते का आणि प्रश्नचिन्हे कुठे पडली, एवढेच पाहावे. दुसरे, एवढी चिकित्सा करायला जवळजवळ मूळ परीक्षेइतका वेळ जातो. आठवड्याला तीन सराव परीक्षा देणाऱ्या मुलाला तो मिळणार नाही. दोन कमी द्याव्यात, असे माझे मत आहे. क्लासवाल्यांना ते आवडत नाही.

एक गोष्ट शेवटी प्रश्नक्रमांक मांडल्यावर दिसली. त्याच्या सहा घसरणींपैकी पाच चाळीसाव्या प्रश्नानंतरच्या होत्या. हा मुलगा घरी गणिताचा भाग सुटा सोडवीत असे, ताज्या डोक्याने, सकाळी. प्रत्यक्ष सीईटीत मात्र भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या 90 मिनिटांनंतर गणिताची 90 मिनिटे सुरू होतात. ताज्या डोक्यानेही शेवटच्या दहा प्रश्नांत हात घसरत असेल, तर थकलेल्या डोक्याने तो किती घसरेल याचा अंदाज त्या सुट्या सरावातून येणारच नव्हता. त्यानंतरच्या रविवारी त्याने तिन्ही विषय सलग तीन तास सोडवले, मध्ये न उठता, आणि मग दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद घेतला.