वाटीभर वरणात डाळ किती?

नागपुरातील एका कार्यालयातील कर्मचाऱ्याने उपाहारगृहाच्या व्यवस्थापकांना लिहिलेले हे पत्र. घरातील ज्येष्ठांचे ताट वाढणाऱ्यांनाही त्यातील हिशेब उपयोगी पडेल.

मा. व्यवस्थापक, उपाहारगृह, यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्याकडील जेवणाच्या चवीबद्दल आमची तक्रार नाही. प्रश्न प्रथिनांचा आहे. आमच्यापैकी अनेकांनी पंचावन्नी ओलांडली आहे. या वयात स्नायूंची झीज वाढते आणि ती रोखण्यास हालचालीबरोबर पुरेशी प्रथिनेही लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत; म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. त्यांतील निम्मी दुपारच्या जेवणातून मिळावीत, एवढीच अपेक्षा आहे.

आचाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा समजले की, शंभर ताटांसाठी एक किलो तूरडाळ शिजते. माणशी दहा ग्रॅम डाळ, आणि तिच्यातून जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने. दोन पोळ्यांतून सहा, भातातून चार आणि बटाट्याच्या भाजीतून एक धरल्यास बेरीज तेरावरच थांबते. वाटी भरलेली दिसते, पण ती पाण्याने.

यावर उपाय असा : शंभर ताटांस तीन किलो डाळ घ्यावी, म्हणजे वरणातूनच साडेसहा ग्रॅम मिळतील. बटाट्याऐवजी माणशी ३० ग्रॅम कोरड्या मटकीची, मुगाची किंवा हरभऱ्याची उसळ दिल्यास आणखी सुमारे सहा-सात, आणि शंभर ग्रॅम दह्यातून तीन. भात निम्मा केला तरी एकूण चोवीसच्या आसपास जाते. आठवड्यातून एकदा उसळीच्या जागी झुणका चालेल. ३० ग्रॅम बेसनातूनही सुमारे सहा ग्रॅम मिळतात. इच्छुकांना उकडलेले अंडे द्यावे. त्यात साधारण सहा ग्रॅम असतात.

माप मात्र कोरड्या धान्याचेच ठेवावे. शिजल्यावर वाटी मोजल्यास पाणी लपते. नागपूरच्या उन्हाळ्यात भिजवलेले कडधान्य लवकर आंबते. म्हणून पाणी बदलावे, आणि आंबूस वास किंवा चिकट तार दिसल्यास ते टाकून द्यावे. ज्यांना उसळीने पोट फुगते, त्यांच्यासाठी मुगाचे घट्ट वरण असावे.

पंधरा दिवस हा प्रयोग करावा आणि ताटांत काय उरते ते पाहावे, ही विनंती.

आपला,
लेखा विभागातील एक कर्मचारी

वाचकांसाठी : घरी एकदा ३० ग्रॅम डाळ वजनकाट्यावर मोजावी, ती कोणत्या वाटीत कुठवर येते ते पाहून ठेवावे आणि तेच माणशी माप धरावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.