फोन शाळेत यावा, पण वर्गात नको

शाळेत मोबाइल असावा की नसावा, हा वक्तृत्व स्पर्धेतला ठरलेला विषय. एक जण म्हणतो, फोनने मुलं बिघडली. दुसरा म्हणतो, जग कुठे चाललंय आणि आपण कुठे. टाळ्या दोघांनाही पडतात. पण आपल्या इंदूरमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये जे घडलं, त्यानंतर हा विषय नुसता टाळ्यांचा राहिलेला नाही. एका सरकारी कन्याशाळेत तास चालू असताना फोन वाजला. तो कोणाकडे आहे हे शोधण्यासाठी शिक्षिकेने काही मुलींना कपडे काढायला लावले, असा आरोप झाला. पालक पोलिसांकडे गेले आणि प्रकरण जनहित याचिकेतून उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे आलं.

म्हणून माझा प्रश्न जरा वेगळा आहे. बंदी घालायची म्हटली, तर ती पाळून कशी घ्यायची?

आधी बंदीची बाजू ऐकू या, कारण ती कच्ची नाही. इंग्लंडमधल्या ९१ माध्यमिक शाळांचे बंदीआधीचे आणि नंतरचे निकाल दोन अर्थतज्ज्ञांनी २०१५ साली तपासले. बंदीनंतर सोळा वर्षांच्या मुलांचे गुण थोडे वाढले होते. खरी गंमत पुढे आहे. अभ्यासात मागे असलेल्यांचा फायदा सरासरीच्या दुप्पट होता आणि हुशार मुलांना जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणजे ज्याचं लक्ष मुळात टिकतं तो फोन असूनही शिकतो, पण ज्याचं टिकत नाही त्याला फोन आणखी मागे ओढतो. सरकारी किंवा साध्या खाजगी शाळेत, जिथे एका वर्गात पन्नासेक मुलं असतात, तिथे हा मुद्दा सोडून देता येत नाही.

आता दुसरी बाजू. स्वीडनमध्ये अशीच तपासणी झाली, तेव्हा गुणांमध्ये असा फायदा दिसला नाही. बर्मिंगहम विद्यापीठाने ३० शाळा तपासून २०२५ मध्ये सांगितलं की, कडक नियमांच्या आणि सैल नियमांच्या शाळांत मुलांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक नव्हता. कारण साधं आहे. फोन शाळेत बंद ठेवला, तरी दिवसभराचा एकूण वापर त्याने कमी झाला नाही. फोन जास्त वेळ पाहणाऱ्यांना त्रास होतो, हे त्याच अभ्यासात दिसलं, पण एकटी शाळा तो वेळ कमी करू शकली नाही.

शिवाय फोन दप्तरात येतो, त्यामागे नेहमी हौसच असते असं नाही. लालबागकडे राहणारी मुलगी शाळा सुटल्यावर थेट भंवरकुआंला कोचिंगला जाते आणि अंधार पडल्यावर घरी येते. तिची आई सांगणारच ना, "पोहोचलीस की फोन कर." शाळेने फोन आणूच नको म्हटलं, की ही मुलगी फोन लपवून आणते. लपवलेली वस्तू म्हटली की झडती आली, आणि झडती कुठवर जाऊ शकते याची चर्चा आपल्याच शहरात झाली आहे.

दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये यातला मधला रस्ता दाखवला. सरसकट बंदी योग्यही नाही आणि व्यवहार्यही नाही. फोन शाळेत आणू द्यावा, पण वर्गात वापरू देऊ नये, आणि शक्य तिथे तो जमा करण्याची सोय असावी, असं त्या निकालाचं सांगणं आहे.

मला हे पटतं, पण "शक्य तिथे" या दोन शब्दांतच सगळी मेख आहे. समजा, वर्गात ४५ मुलं आहेत आणि त्यातली वीस फोन आणतात. हजेरीच्या क्रमांकाचे खण असलेली एक कुलुपाची पेटी हवी. पहिल्या तासाआधी ज्याने त्याने फोन बंद करून आपल्या खणात ठेवायचा, वर्गशिक्षकांनी वहीत खूण करून कुलूप लावायचं आणि सुटताना त्याच क्रमाने परत द्यायचं. घरून निरोप आला, तर ऑफिसचा नंबर आहेच.

इथेही पळवाटा आहेत. कोणी बंद पडलेला जुना फोन जमा करेल आणि चालू फोन दप्तरातच ठेवेल. एखाद्या फोनची काच फुटेल आणि भरपाई कोणी द्यायची यावर भांडण होईल. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांकडून फोनचं नाव आणि सही घ्यावी, आणि नुकसान झालं तर कोण भरणार हे त्याच कागदावर लिहावं. तरीही वर्गात फोन वाजलाच, तर? तास थांबवून फोन मागावा. कोणी पुढे आलं नाही, तर पालकांना बोलवावं. मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही, हे नियमांत स्पष्ट लिहिलेलं असावं.

नियम चालतोय की नाही, हे जप्त केलेल्या फोनांच्या ढिगावरून ठरवू नका. सकाळी पेटीतले किती खण भरतात ते बघा. मुलं आपणहून फोन ठेवायला लागली, तर झडती घ्यायची वेळच येणार नाही.