माशीच्या पायाला चुना

मे महिन्याअखेरीस आंब्याच्या साली आणि फणसाची चारखंडे कुंडीत कुजू लागतात, त्यावर जूनची पहिली सर पडते आणि आठ-दहा दिवसांत बाजार माश्यांनी भरून जातो. मुंबईकराच्या हे इतके अंगवळणी पडले आहे की, कलिंगडाच्या फोडीवरची माशी हाताने उडवून तो तीच फोड तोंडात टाकतो. ट्रॉम्बेच्या बाजारात हे चित्र अधिक गडद होते. एका बाजूला खाडी आणि कोळीवाडा, लगत चीता कॅम्पची दाट वस्ती, सार्वजनिक शौचालये, मासळीच्या पाट्या आणि त्यांच्या शेजारीच भजी, चटणी, उसाचा रस, कापलेली फळे. तक्रारी वाढल्या की ठरलेले उपाय होतात. संध्याकाळी धुराचे यंत्र फिरते आणि सकाळी कुंडीभोवती पांढऱ्या पावडरीची रेघ ओढली जाते. रेघ दिसली की काम झाले, असे देणाऱ्यालाही वाटते आणि घेणाऱ्यालाही. ही पांढरी रेघ नेमके काय करते, याचा धडा मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

1898 साली अमेरिका आणि स्पेन यांच्यात युद्ध झाले. त्यासाठी अमेरिकेत उभारलेल्या लष्करी छावण्यांत टायफॉइडने थैमान घातले. वीस हजारांवर सैनिक आजारी पडले आणि दीड हजारांहून अधिक दगावले. शत्रूच्या गोळीने गेले त्यांची संख्या याहून कितीतरी कमी होती. चौकशीसाठी वॉल्टर रीड, व्हिक्टर वॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांचे मंडळ नेमले गेले. छावणीतल्या शौचाच्या चरांवर त्या काळी चुना टाकत. जेवणाच्या तंबूत ताटावर बसणाऱ्या माश्यांच्या पायांना हाच पांढरा चुना लागलेला या मंडळींना दिसला. चर ते ताट हा माशीचा प्रवास सिद्ध करायला वेगळा पुरावा लागला नाही. दोष केवळ माशीचा नव्हता. माणसामाणसांतला संपर्क आणि अस्वच्छ हातही तितकेच जबाबदार असल्याचे मंडळाने नोंदवले. पण जंतू मारण्यासाठी टाकलेल्या चुन्याने माशीला अडवले नाही, तर फक्त तिची वाट दाखवली.

माशी जंतू नेते म्हणजे काय, हेही नीट समजून घ्यायला हवे. डासाच्या अंगात हिवतापाचा परोपजीवी वाढतो आणि रूप बदलतो. घरमाशीच्या बाबतीत असे काही घडत नाही. ती निव्वळ हमाल आहे आणि तिच्या हमालीच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली पायांची. तिच्या प्रत्येक पावलाखाली चिकट केसांच्या गाद्या असतात. त्यांच्यामुळे ती काचेवर उलटी चालते आणि त्यांनाच घाण चिकटते. मात्र पायावरचे जंतू ऊन-वाऱ्याने लवकर सुकतात. दुसरी तऱ्हा ओकारीची. माशीला चावता येत नाही. तिची सोंड स्पंजासारखी असून ती फक्त द्रव शोषू शकते. म्हणून साखरेचा कण किंवा जिलेबीचा सुकलेला पाक दिसला की, ती आधी त्यावर लाळ आणि पोटातला थेंब सोडते, तो विरघळला की शोषून घेते. आधीच्या घाणीवर जे प्यायले, त्याचाच अंश या थेंबात असतो. तिसरी तऱ्हा विष्ठेची. पोटभर खाणारी माशी दर काही मिनिटांनी ठिपका टाकते, तोही खातानाच. ई. कोलायचा एक घातक प्रकार खाऊ घातलेल्या माश्यांच्या विष्ठेत तो पुढे तीन दिवस जिवंत सापडल्याचे जपानी संशोधकांनी दाखवले आहे. म्हणजे पाय दिसतात म्हणून आपण पायांना भितो, खरा धोका मात्र पोटात असतो.

तरीही माशी बसली की माणूस आजारी पडतोच असे नाही. तिच्या पोटातले पाचकरस पुष्कळ जंतू मारतात आणि एका थेंबातून जाणारी संख्या थोडी असते. प्रश्न असा की, आजार व्हायला किती जंतू लागतात? पटकीला ते फार मोठ्या संख्येने लागतात. रक्ताची आव करणाऱ्या शिगेला या जंतूला मात्र दहा ते शंभरही पुरतात. त्यामुळे माशीचा सर्वांत जवळचा संबंध याच आजाराशी दिसतो. इस्रायली सैन्याच्या दोन तळांवर 1988 आणि 1989 मध्ये सापळे लावून माश्या 64 टक्क्यांनी कमी केल्या गेल्या. जुलाबासाठी दवाखान्यात येणारे 42 टक्क्यांनी घटले, तर शिगेलाचे रुग्ण 85 टक्क्यांनी. पाकिस्तानातील खेड्यांत माश्यांच्या हंगामात फवारणी केल्यावर लहान मुलांचे जुलाब 23 टक्क्यांनी कमी झाले. माश्या आधीच कमी असलेल्या महिन्यांत असा स्पष्ट फरक दिसला नाही. या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. माशी हटवली तर प्रत्येक जुलाब थांबणार नाही, कारण पाणी आणि हात शिल्लक राहतात. पण मुलांच्या चार आजारपणांतले साधारण एक टळू शकते.

आता बाजाराकडे वळू. माशीचा विषय निघाला की बोट सर्वांत आधी मासळी विकणाऱ्या कोळणीकडे जाते, कारण तिच्या पाटीवर माश्या डोळ्यांना दिसतात. त्यांतल्या बऱ्याच हिरव्या-निळ्या चमकदार माश्या असतात. त्या मांसाच्या वासावर येणाऱ्या वेगळ्या जातीच्या. शिवाय मासळी घरी नेऊन धुतली आणि शिजवली जाते, उकळत्या कालवणात जंतू टिकत नाहीत. खरा धोका शेजारच्या गाडीवर असतो. कापलेले कलिंगड, उघडी चटणी, चिरलेला कांदा, दुपारपर्यंत निवलेला भात यांना पुन्हा चूल दिसत नाही. भातावर पडलेले थोडे जंतू मुंबईच्या उकाड्यात चार-पाच तासांत कित्येक पटींनी वाढतात. म्हणून जाळी, काचेची पेटी आणि पंखा यांचा पहिला मान या पदार्थांचा आहे. कढईतून निघालेल्या गरम भज्यांना त्यांची तितकी गरज नाही. परवाना देताना आणि तपासणी करताना हा क्रम पाळला, तर कोळणीचा विनाकारण छळही थांबेल.

दुसरे बोट देवनारकडे जाते. 1927 पासून शहराचा कचरा पोटात घेणारी ती क्षेपणभूमी काही किलोमीटरवर आहे आणि कत्तलखानाही त्याच बाजूला. तिथल्या माश्यांनी गोवंडी आणि शिवाजीनगरच्या रहिवाशांचे जगणे नकोसे केले आहे, हे खरेच. माशी एक-दोन किलोमीटर सहज उडते, कधी त्याहून लांबही जाते. पण अन्न आणि घाण जवळच मिळत असेल तर ती लांब जाण्याचे कष्ट घेत नाही. बाजारात दिसणारी माशी बहुधा बाजारातच जन्मलेली असते. देवनारला दोष देऊन दारातली कुंडी विसरणे सोयीचे आहे, एवढेच.

माशीचा जन्म कसा होतो, यातच तिच्या बंदोबस्ताचे उत्तर आहे. मादी एका वेळी शंभर-दीडशे अंडी ओल्या, कुजत्या घाणीत घालते. ती एका दिवसाच्या आत फुटतात. उकाड्यात अळी चार-पाच दिवसांत पूर्ण वाढते. मग ती ओल सोडून कोरड्या जागी सरपटत जाते आणि मातीत शिरून कोष करते. अंड्यापासून उडत्या माशीपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे ओला कचरा चौथ्या दिवसाच्या आत पूर्णपणे उचलला गेला, तर त्यात कितीही अंडी घातली तरी माशी होणार नाही. आमच्याकडे कचरा रोज उचलतात, मग माश्या येतात कुठून? माशी शिंकते ती ‘पूर्णपणे’ या शब्दापाशी. गाडी कुंडी रिकामी करते, पण तळाचा लगदा तसाच राहतो. कुंडीखालची माती रसाने भिजलेली असते. रसवंतीमागे उसाची चिपाडे पडून असतात, मासळीचे कल्ले आणि आतडी बर्फाच्या पाण्याबरोबर गटारात अडकतात. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कुंडीच्या आसपासची माती काडीने उकरावी. तांदळाच्या दाण्यापेक्षा किंचित मोठे, तपकिरी रंगाचे कोष निघाले, तर कचरा उचलला जात नाही, फक्त हलवला जातो, हे समजावे.

धूर या कोषापर्यंत पोहोचत नाही. तो त्या संध्याकाळी उडत असलेल्या माश्यांतल्या काही मारतो आणि दोन दिवसांत नवी पिढी जागा भरून काढते. शिवाय दर फवारणीत जी तगते तिचीच संतती वाढते. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या युरोपात 1946-47 मध्येच, म्हणजे ते औषध सर्रास वापरात आल्यावर काही वर्षांतच, दिसल्या होत्या. पांढऱ्या पावडरीची गत वेगळी नाही. ती ब्लीचिंग पावडर असेल तर तिचा क्लोरिन वरच्या घाणीतच खर्ची पडतो आणि खालची अळी शाबूत राहते. स्वच्छ धुतलेल्या फरशीवर पावडरीचा उपयोग आहे, कुजलेल्या ढिगावर ती केवळ रांगोळी. धूर मारणे म्हणजे खर्चिक माश्या मारणे होय.

तेव्हा पालिकेच्या विभाग कार्यालयाने ट्रॉम्बेच्या बाजारासाठी आधी करायचे ते इतकेच. कुंड्या काँक्रीटच्या ओट्यावर, झाकणाच्या आणि निचऱ्याच्या असाव्यात. आठवड्यातून दोनदा तरी त्या उलट्या करून तळ खरवडून धुवावा आणि तीच पाळी मासळीच्या गटारालाही लावावी. शौचालयांच्या खिडक्यांना जाळ्या आणि मैल्याच्या टाक्यांना घट्ट झाकणे हवीत, कारण आवेचे जंतू येतात ते तिथून, आंब्याच्या सालीतून नव्हे. फवारणी साथीच्या वेळेसाठी राखून ठेवावी.

आणि हे झाले की नाही, ते मोजावे. डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणारी यंत्रणा माश्या मोजताना दिसत नाही. मोजणी मात्र अगदी स्वस्त आहे. लाकडी पट्ट्यांची एक चौकट जमिनीवर ठेवून तीस सेकंदांत तिच्यावर किती माश्या बसतात ते पाहायचे, दहा जागी पाहून सर्वांत मोठ्या आकड्यांची सरासरी काढायची, ही पद्धत 1940च्या दशकापासून वापरात आहे. त्याहून सोपा उपाय पांढऱ्या पुठ्ठ्याचा. हाताएवढे कार्ड छताखाली टांगून आठवड्याने उतरवले की, त्यावर ओकारीचे फिकट आणि विष्ठेचे काळपट ठिपके मोजता येतात. ते कार्ड दर आठवड्याला बाजाराच्या दारात तारखेसह लावावे. आपल्या चटणीवर काय पडते हे ग्राहकाला त्यातून कळेल आणि कुंडीचा तळ खरोखर धुतला गेला की नाही हेही. त्या छावण्यांत पांढऱ्या चुन्याने माशीची वाट उघड केली होती. ट्रॉम्बेत ते काम पांढरा पुठ्ठा करू शकतो. पावडरीची रेघ ते करत नाही, ती फक्त करदात्याला चुना लावते.