शिवणीतली माया

आमच्या जोयड्याच्या घरी पायाचं जुनं मशीन आहे. आई त्यावर ब्लाउज, फ्रॉक, शाळेचे शर्ट शिवते. कापड कापताना ती खुणेच्या बाहेर इंचभर जागा ठेवते आणि म्हणते, "थोडी माया सोडायला हवी." साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला हा शब्द फार आवडतो. शिवणीच्या आत दडवून ठेवलेल्या जास्तीच्या कापडाला आपल्या भाषेत माया म्हणतात. रेडीमेड कपड्यात हीच माया उरलेली नाही, आणि माझी तक्रार त्याबद्दलच आहे.

आधी मशीनची बाजू. अमेरिकेत एलियास हाऊने 1846 मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं, त्यात सुईचं नेढं टोकाजवळ होतं आणि धागे दोन होते, एक वरचा, एक खालचा. आपल्या घरच्या मशीनचीही तीच तऱ्हा. 1860 च्या सुमारास व्हीलर अँड विल्सन कंपनीने वेळ मोजून छापली होती: पुरुषाचा एक शर्ट हाताने शिवायला 14 तास 26 मिनिटं, मशीनवर 1 तास 16 मिनिटं. मशीन विकणाऱ्यांचेच हे आकडे, म्हणून थोडे सावधपणे घेऊ. तरी ज्या बाईने रात्री दिव्याखाली शिवलंय, तिला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं.

पण मशीनने फक्त शिवण वेगवान केली. माप, कापणी, तुरपाई, हूक हे सगळं घरी एकाच माणसाच्या हातात राहिलं. कारखान्यात मात्र कामाचे तुकडे झाले: एक जण दिवसभर कॉलर लावणार, दुसरा बाही. शेवटी कोणाला बसेल ते शिवणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून ठरलेले साईज आले. आधी कपडा अंगासारखा व्हायचा, आता अंगाने साईजमध्ये बसायचं.

माया गेली ती इथे. कारखान्यातलं ओव्हरलॉक मशीन काठ शिवता शिवता सुरीने बाहेरचं कापड छाटतं. शिवणीबाहेर जेमतेम पाव इंच उरतं. याचा अर्थ काय, ते माझ्या नाताळच्या फ्रॉकवरून सांगते. दोन्ही कुशींच्या शिवणी म्हणजे पुढच्या-मागच्या भागांचे मिळून चार काठ. आईने प्रत्येक काठावर इंचभर माया ठेवली होती. पुढच्या वर्षी तिने जुनी शिवण उसवून प्रत्येक काठातून पाऊण इंच सोडलं, म्हणजे छाती तीन इंच वाढली. बाहीची खालची शिवणही तेवढीच सोडावी लागते, नाहीतर काखेत फ्रॉक ओढतो. जुन्या शिवणीची भोकं आणि न उडालेल्या रंगाची रेघ दिसतेच, म्हणून तळाला तिने लेस लावली. तो फ्रॉक मी घातला, मग धाकट्या बहिणीने.

कारखान्याचा हिशोब वेगळा. एका नगामागे तीच तीन इंचांची पट्टी वाचवली, तर हजार नगांच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्यावर 76 मीटरपेक्षा जास्त रुंदी होते. वाचलेलं ते कापड कारखान्याचं, आणि मूल वाढलं की नवा कपडा घ्यायचा खर्च घरचा.

एक गोष्ट मान्य करते. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला ओव्हरलॉकच हवं, कारण साध्या मशीनची शिवण ताणल्यावर तुटते. आणि स्वस्त रेडीमेडमुळे अनेक घरांत पहिल्यांदा दोन जोडी कपडे आले. माझा वाद शाळेच्या गणवेशापुरता आहे. तो ताणत नाही आणि ज्याच्यासाठी घेतो ते मूल वाढतच असतं.

आपल्याच भागातल्या, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. काठापासून सुरू करून आत आत, हाताने धावदोरा घालत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुलं लावतात. वेगवेगळ्या जाडीचे थर आणि एवढा मोठा पसारा घरच्या मशीनच्या हाताखालून फिरवणं अवघड. मशीनने हातशिलाई संपवली, असं म्हणणाऱ्यांनी एकदा कवंदी पाहावी. तिथेही कपडा फेकायचा नाही, हाच विचार आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: जूनमध्ये धाकट्या भावंडाचा गणवेश घ्यायला जाल, तेव्हा शर्ट आधी उलटा करा. आत पाव इंच दिसलं तर कापड घेऊन टेलरकडे जा आणि माया सोडायला सांगा. शिलाई थोडी जास्त पडेल, पण पुढच्या जूनमध्ये तोच शर्ट पुन्हा अंगावर असेल.