हात धुण्याचं कार्टून घाईत का असतं?

15 ऑक्टोबर हा जागतिक हात धुणे दिन. या दिवसाच्या आसपास शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात धुवायला शिकवणारी ॲनिमेशन फिरू लागतात. त्यात हसरा साबण असतो, हिरवे जंतू असतात, गाणंही असतं. पण अशी एखादी फिल्म हातात घड्याळ धरून बघा. जी कृती शिकवायची, तिलाच सगळ्यात कमी वेळ मिळालेला दिसेल.

हिशेब कुठे चुकतो?

साबणाने हात किमान 20 सेकंद चोळावेत, असं आरोग्य यंत्रणा सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत हात ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत 40 ते 60 सेकंद धरले आहेत. आता 30 सेकंदांची फिल्म घ्या. सुरुवातीच्या लोगोला 4 सेकंद, जंतूंच्या ओळखीला 6, शेवटच्या घोषवाक्याला 5 आणि साबण लावणं, हात धुणं, पुसणं याला मिळून 5. उरले 10 सेकंद, आणि त्यात चोळण्याच्या सहा पायऱ्या. एका पायरीला दोन सेकंदही मिळत नाहीत. मूल पाहिलेलंच करणार. कार्टूनमधला मुलगा दहा सेकंदांत मोकळा होत असेल, तर तेही दहा सेकंदांतच नळ सोडून पळणार.

वाचायला वेळ आहे का?

पायरीखाली सूचना येते: ‘साबण लावून दोन्ही तळहात एकमेकांवर चांगले चोळा.’ शब्द सात. ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. म्हणजे सेकंदाला एक शब्द. ते गाठलेल्या मुलालाही या ओळीला सात सेकंद लागतील, आणि चित्र तर दोन सेकंदांत बदलतं. शिवाय डोळे ओळीवर असताना हातांकडे बघणार कोण? म्हणून पडद्यावर ‘तळहात चोळा’ एवढंच हवं. बाकीचं हातांनी दाखवावं.

पायऱ्या लक्षात ठेवायला आपल्याकडे ‘सुमन के’ हे हिंदी सूत्र आहे: सीधा, उल्टा, मुट्ठी, अंगूठा, नाखून, कलाई. मराठीतही सरळ, उलट, मूठ, अंगठा, नखं अशी तीच अक्षरं जुळतात. फक्त शेवटी ‘क’ऐवजी मनगटाचा ‘म’ येतो. पडद्यावर प्रत्येक पायरीला हा एक शब्द पुरतो.

पात्रं साधी, पण हात खरे

पात्र साधं असावं हे बरोबरच. चेहऱ्याला दोन टिंबं आणि एक रेघ पुरे. पण कार्टूनमध्ये सोयीसाठी चारच बोटं किंवा नुसता गोळा काढतात, ते इथे चालत नाही. अंगठा दुसऱ्या मुठीत धरून फिरवायचा असतो. गोळ्याला अंगठाच नसेल, तर ही पायरी दाखवणार कशी? आणि हात धुताना नेमके अंगठे आणि बोटांची टोकंच जास्त सुटतात.

दुसरी चूक फेसाची. पडदाभर फेस छान दिसतो, पण त्याखाली हात काय करतायत ते कळत नाही. तिसरी जंतूंची. साबण लागताक्षणी ते ‘धूम’ पळाले, तर चोळण्याची गरजच काय, असं मुलाला वाटतं. जंतू पायरीगणिक कमी व्हावेत. अंगठ्यावरचा अंगठा चोळल्यावरच जावा.

मग किती वेळ हवा?

45 सेकंद पुरतात. शीर्षकाला 3, हात ओले करून साबण लावायला 5, सहा पायऱ्यांना प्रत्येकी 4 म्हणजे 24, धुवायला 8 आणि पुसायला 5. चार सेकंदांत दोन सेकंद डाव्या हाताला, दोन उजव्याला मिळतात. चोळताना नळ बंद दाखवावा, म्हणजे पाणी वाया न घालवण्याचा धडा वेगळा द्यावा लागत नाही.

वेळ वाढला की खर्च वाढतो, ही सबब इथे फारशी टिकत नाही. 24 फ्रेमच्या सेकंदात हात एकदा पुढेमागे जायला अर्धा सेकंद, म्हणजे 12 फ्रेम लागतात. तेवढ्या एकदा काढल्या की त्याच आठ वेळा फिरवून चार सेकंद भरतात. कापायचंच असेल तर लोगो कापा, अंगठा नको.

फिल्म जमली का, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. आवाज बंद करून ती दुसरीतल्या मुलाला एकदा दाखवा आणि त्याला नळापाशी न्या. अंगठा आणि नखं त्याने न सांगता चोळली, तर फिल्म पाठवा. नुसतंच गाणं गुणगुणत परत आला, तर ती पुन्हा संपादकाच्या टेबलावर जाऊ द्या.