ओठावरची सावली : केस की कातडी?

'डॉक्टर, अप्पर लिप काळं दिसतंय' म्हणत येणाऱ्या मुलींनी माझ्याकडे येण्याआधी बहुधा तीन गोष्टी केलेल्या असतात : दर दहा-पंधरा दिवसांनी थ्रेडिंग, लग्नकार्याच्या आधी ब्लीच, आणि मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं 'गोरं करणारं' मलम. यातली तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सावली घालवत नाही, वाढवते.

आधी ती सावली कशाची आहे ते बघा. खिडकीपाशी उजेडात आरसा घ्या, जीभ आतून ओठाला लावून कातडी ताणा. निळसर-राखाडी झाक आणि तिच्यात बारीक ठिपके दिसले, तर ती कातडीखालच्या केसांची आहे. सलग तपकिरी पट्टा असेल, तर तो कातडीतला रंग आहे. आणखी एक साधी खूण आहे. थ्रेडिंगमध्ये बहुतेक केस मुळासकट निघतात. मग लाली ओसरल्यावर, दुसऱ्या दिवशीही काळेपणा तसाच असेल, तर तो केसांचा असणार कसा? तरीही पार्लरमध्ये उत्तर एकच मिळतं, 'पुन्हा करून घ्या.'

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला इजा झाली, सूज आली की ती जादा रंगद्रव्य तयार करते. दोऱ्याचा ओढा, ब्लीचची आग, वर ऊन. म्हणजे केस काढण्याच्या नादात आपणच काळा पट्टा रंगवतो!

माझ्याकडे आलेली २६ वर्षांची एक मुलगी आठवते. चार वर्षं दर दहा दिवसांनी थ्रेडिंग, आणि मैत्रिणीने सुचवलेलं मलम आठ महिने. ट्यूब मागवून घेतली. त्यावर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. यातलं मोमेटासोन म्हणजे स्टिरॉइड. पहिल्या महिन्यात रंग उजळला, म्हणून तिने ते गालांवर आणि हनुवटीवरही लावायला सुरुवात केली. पुढे कातडी पातळ झाली, उन्हात चेहरा लाल व्हायचा, पुरळ आलं आणि जिथे जिथे मलम पोचलं तिथे काळसर लव उगवली. चेहऱ्यावर बरेच महिने लावलेलं स्टिरॉइड लव वाढवतं. ती लव काढायला पुन्हा थ्रेडिंग, त्याने आलेला काळेपणा घालवायला पुन्हा मलम. मलम दोन दिवस थांबवलं की चेहरा भगभगायचा, म्हणून सोडवतही नव्हतं.

अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टिरॉइड मलमांना शेड्यूल एचमध्ये आणून ते स्पष्ट केलं. काउंटरवर मात्र ती टूथपेस्टसारखी मिळतात. आणि आपणही 'दोन दिवसांत फरक' हेच मागतो, हे विसरून चालणार नाही.

त्या मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण इतके महिने वापरलेलं स्टिरॉइड एकदम तोडलं तर चेहरा पेटतो. दोरा आणि ब्लीच बंद. साधं मॉइश्चरायझर, आणि रोज सकाळी किमान एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. लव नकोशी वाटेल तेव्हा चेहऱ्याचा छोटा रेझर, थोडं क्रीम लावून, हलक्या हाताने.

इथे तिची आई म्हणाली, 'अहो डॉक्टर, पोरीला दाढी येईल!' येत नाही. रेझर केस कातडीच्या वर कापतो, मुळापर्यंत पोचतच नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून बोटाला खरखरीत लागतं, इतकंच. मुलांची दाढी दाट होते ती वयात येताना हार्मोन्समुळे, ब्लेडमुळे नव्हे. रेझरची खरी अडचण वेगळी आहे : केस जाड असतील तर मूळ आत राहतं आणि निळसर झाक दिसत राहते.

सहा महिन्यांत तिचा पट्टा बराच फिका झाला, लवही कमी झाली. पूर्ण गेलं असं मी म्हणणार नाही.

तोवर मेकअप जरूर करा, त्यात कमीपणा काही नाही. राखाडी झाकेवर थेट कन्सीलर फासला तर ती आणखी भुरकट दिसते. आधी नारिंगी किंवा पीच करेक्टरचा अगदी पातळ थर, त्यावर स्वतःच्या रंगाचा कन्सीलर. रात्री धुऊन टाका, पण घासू नका.

हनुवटीची गोष्ट मात्र वेगळी. तिथे जाड, काळे केस येत असतील आणि पाळी दोन-दोन महिने लांबत असेल, तर पार्लर आणि लेझरच्या पॅकेजआधी पीसीओएससाठी तपासणी करून घ्या. हार्मोन्स बिघडलेले असतील तर लेझरनंतरही नवे केस येत राहतात. आणि केस काही महिन्यांतच भराभर वाढले, आवाज घोगरा झाला किंवा टाळूवरचे केस विरळ होऊ लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. क्वचित अंडाशयातली किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ अशी लक्षणं दाखवते.