‘निरंक’ म्हणजे उत्तर की नकार?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम 25 नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याकडे किती अर्ज आले, किती प्रकरणांत माहिती नाकारली आणि ती कोणत्या तरतुदीखाली नाकारली, याचा हिशेब दरवर्षी द्यावयाचा असतो. त्यातून माहिती आयोगाचा वार्षिक अहवाल तयार होतो आणि ‘नकाराचे प्रमाण इतके टक्के’ असे वाक्य वृत्तपत्रांत छापून येते. माझा आक्षेप या टक्केवारीला आहे. ती अर्ज मोजते, प्रश्न मोजत नाही. पाच मुद्द्यांच्या अर्जातील एकाचे उत्तर देऊन चार मुद्दे वाऱ्यावर सोडले, तरी कार्यालयाच्या नोंदवहीत तो अर्ज ‘निकाली’ निघतो.

म्हणून अर्ज करणाऱ्या संस्थांनी आलेली उत्तरे स्वतः आणि वेगळ्या रीतीने वाचली पाहिजेत. दिल्लीतील सतर्क नागरिक संघटन ही संस्था गेली काही वर्षे देशातील सर्व 29 माहिती आयोगांकडे माहिती अधिकाराखालीच अर्ज करते आणि आलेल्या उत्तरांतून आयोगांच्या कामाचा लेखाजोखा मांडते. आयोगांपुढे चार लाखांहून अधिक अपिले व तक्रारी तुंबल्या आहेत, हे देशाला त्या कामामुळे कळले. त्यातला कष्टाचा भाग अर्ज लिहिण्याचा नसतो. आलेल्या प्रत्येक उत्तरातून काय मिळाले आणि काय कोणत्या कारणाने अडले, हे वेगळे काढण्याचा असतो.

हे काम कसे होते, ते एका कल्पित पण नमुनेदार उदाहरणाने सांगतो. समजा, जयपूरच्या मुरलीपुरा भागातील एका नागरी संस्थेच्या पदाधिकाऱ्याने गटारांच्या कामांविषयी एका कार्यालयाकडे पाच गोष्टी मागितल्या: मंजूर रकमांसह कामांची यादी, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, कंत्राटदारांना केलेल्या दंडाचा तपशील, तक्रार नोंदवहीची प्रत आणि एका चौकशीचा अहवाल. अर्ज पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने केला, हे योग्यच झाले. कलम 3 हा अधिकार ‘नागरिकां’ना देते. नुसत्या संस्थेच्या नावाने केलेला अर्ज त्या एका शब्दावर परत येऊ शकतो. पदाधिकाऱ्याने नाव घालून केलेल्या अर्जाला मात्र माहिती द्यावी, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन आहे.

उत्तर आले एका पानाचे. यादी जोडली होती, पण रकमांचा रकाना नव्हता. मोजमाप पुस्तिका मोठ्या संख्येने असल्याने ‘कार्यालयात येऊन पाहाव्यात’. दंडापुढे एकच शब्द: ‘निरंक’. तक्रार नोंदवही ‘उपलब्ध नाही’. चौकशी अहवालापुढे ‘कलम 8(1)(ज) नुसार देय नाही’. घाईत वाचणारा यातून ‘एक माहिती मिळाली, चार नाकारल्या’ असा निष्कर्ष काढील आणि तो चुकीचा ठरेल.

यादी अंशतः मिळाली आहे. रकमा का वगळल्या याचे कारणच दिलेले नाही. माहितीचा काही भाग वगळायचा तर तसा निर्णय कारणांसह कळवावा, असे कलम 10 सांगते. मोजमाप पुस्तिकांच्या बाबतीत नकार नाही, माहिती देण्याचे स्वरूप बदलले आहे. कार्यालयाची साधने अवाजवी प्रमाणात खर्ची पडत असतील, तर मागितलेल्या स्वरूपात माहिती देण्याचे बंधन कलम 7(9) सैल करते; माहितीच नाकारण्याची मुभा ते देत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये हे स्पष्ट केले आहे.

‘निरंक’ हा शब्द सर्वांत फसवा. एकही दंड झाला नाही असा त्याचा अर्थ असेल, तर ती पूर्ण माहिती आहे, आणि कदाचित साऱ्या उत्तरातील सर्वांत बोलकी. दंडाची नोंदच ठेवली जात नाही असा अर्थ असेल, तर ते वेगळे विधान आहे. उत्तरातून हे ठरत नसेल तर तक्त्यात ‘अस्पष्ट’ असेच लिहावे. आपला अंदाज कार्यालयाच्या तोंडी घालू नये. ‘उपलब्ध नाही’ हेही कलम 8 मधील कारण नव्हे. अभिलेख कधी तयारच झाला नाही, गहाळ झाला की नियमानुसार नष्ट केला, हा पुढचा प्रश्न त्यातून निघतो. कलमासह स्पष्ट नकार आहे तो एकच, चौकशी अहवालाचा.

तिथेही एक सापळा आहे. हिंदी आणि मराठी अधिनियमांत कलम 8(1) ची उपकलमे क, ख, ग या क्रमाने येतात. त्यामुळे ‘ज’ म्हणजे इंग्रजी प्रतीतील ‘एच’: तपासात अडथळा. वैयक्तिक माहितीचे उपकलम इंग्रजीत ‘जे’ आहे, देवनागरीत ‘ञ’. राजस्थानातील हिंदी उत्तरात कारकुनाने ‘8(1)(जे)’ लिहिले आणि नोंद करणाऱ्याने ते ‘ज’ समजले, तर वैयक्तिक माहितीचा नकार तपासाच्या खात्यात जमा होतो. म्हणून कलम जसे लिहिले तसे एका रकान्यात उतरावे आणि आपण लावलेला अर्थ दुसऱ्या रकान्यात ठेवावा. अक्षर आणि पुढचे वाक्य जुळत नसेल तर तेही नोंदवावे.

कलम लिहिले म्हणजे कारण दिले, असेही नाही. कलम 7(8) नुसार नकाराची कारणे, अपिलाची मुदत आणि अपील प्राधिकाऱ्याचा तपशील कळवावा लागतो. केवळ चौकशी सुरू आहे एवढे पुरेसे नाही, माहिती दिल्याने तिच्यात अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटले. तेव्हा ‘कलम’ आणि ‘दिलेले कारण’ हे दोन रकाने निराळे हवेत. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर पहिल्या अपिलाचा मुद्दा तिथेच मिळतो. मात्र ते उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत करावे लागते.

उत्तराची तारीखही आता पूर्वीपेक्षा महत्त्वाची झाली आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली आणि वैयक्तिक माहितीच्या उपकलमातील अटी गेल्या. सार्वजनिक कार्याशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी माहितीच नाकारता येईल, ही मर्यादा तिथे उरली नाही. सार्वजनिक हित अधिक असल्यास माहिती देण्याची कलम 8(2) ची वाट मात्र शिल्लक आहे. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे ‘ञ’ एकाच बेरजेत घातले तर बदलाचा परिणाम कधीच दिसणार नाही. अधिकाऱ्याने सार्वजनिक हिताचा विचार केल्याचे उत्तरात एका ओळीने तरी दिसते का, हा रकाना आजपासूनच हवा.

आमच्या कल्पित तक्त्याची बेरीज अशी: एक अंशतः, एक बदललेल्या स्वरूपात, एक अस्पष्ट, एक विनाकलम अनुपलब्ध आणि एक सकलम पण विनाकारण नकार. सरकारी नोंदवहीत याच पानाचा फार तर एक नकार होईल. कलम 25 खालील विवरणपत्र मुद्देनिहाय भरून घेण्याची शिफारस आयोगांनी करावी, अशी माझी मागणी आहे. ती होईपर्यंत संस्थांनी आपले तक्ते मूळ उत्तरांच्या प्रतींसह लोकांपुढे ठेवावेत, म्हणजे आमचे वाचन चुकले असेल तर कार्यालयालाही ते दाखवून देता येईल.